रक्त तर दोघंही पितात, मग पडदा डासालाच का?

प्रश्न: सर, मी ठाण्यात टीवायबीएस्सी झूऑलॉजीला आहे. आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की द्रव अन्न घेणाऱ्या कीटकांत पेरिट्रॉफिक मेम्ब्रेन नसते, कारण खरखरीत अन्नच नसल्यामुळे तिची गरज नसते. पण डास रक्त पितो तरी त्याला ती असते म्हणे, आणि ढेकूण रक्तच पितो तर त्याला नसते. मावा-तुडतुड्यांनाही नसते. मग नियम नक्की कोणता? आणि डिसेक्शनमध्ये ती दिसेल का? मला डासात काहीच दिसलं नाही.

उत्तर:

नोट्समधलं ते वाक्य मी विद्यार्थी असतानाही तसंच होतं. अर्धं बरोबर आहे, आणि अर्ध्या बरोबर वाक्यांनीच जास्त घोळ होतो. तुम्हाला डासात काही दिसलं नाही, याचं उत्तर बहुधा इतकंच आहे की तुमचा डास उपाशी होता. पण तिथे पोचायला थोडं मागून यावं लागेल.

कीटकाची अन्ननलिका तीन भागांची, हे तुम्हाला पाठ असेलच. पण हे तीन भाग नुसते एकामागून एक जोडलेले नाहीत, ते मुळातच वेगळे आहेत. पुढचा भाग (फोरगट) आणि मागचा भाग (हाइंडगट) गर्भात बाहेरच्या त्वचेच्या थरापासून होतात, म्हणजे शरीराची त्वचाच दोन्ही टोकांनी आत वळलेली असते. म्हणून त्यांना आतून क्युटिकलचं अस्तर असतं आणि कात टाकताना तेही निघून येतं. मधला भाग (मिडगट) वेगळ्या थरातून येतो. त्याला क्युटिकल नसतं. पचन आणि शोषण मुख्यतः तिथेच होतं, आणि त्याच्या पेशींवर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, मायक्रोव्हिलाय. अशा उघड्या पेशींवरून अन्न थेट फिरू नये म्हणून बहुतेक कीटकांत मिडगट एक सुटी, पातळ पिशवी किंवा नळी तयार करतो. ती कायटिनचे तंतू आणि प्रथिनं यांची असते आणि अन्नाभोवती गुंडाळली जाते. हीच पेरिट्रॉफिक मेम्ब्रेन. 1890 साली बाल्बियानीने दिलेल्या या नावाचा अर्थही 'अन्नाभोवतीची' असाच.

इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो, कारण ती दरवर्षी कोणीतरी करतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मी झुरळाच्या क्रॉपमधून एक छान पारदर्शक पापुद्रा सोलून काढला आणि 'पेरिट्रॉफिक मेम्ब्रेन' म्हणून स्लाइडवर ठेवला. परीक्षकांनी लेन्समधून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "याच्यावर केस कुठून आले?" तो पापुद्रा फोरगटचं क्युटिकल होता. क्युटिकल पेशींना चिकटलेलं असतं, सोलावं लागतं, त्यावर काटे-केस असू शकतात. पेरिट्रॉफिक मेम्ब्रेन कशालाच चिकटलेली नसते. ती अन्नाबरोबर मागे सरकते आणि विष्ठेबरोबर बाहेर पडते. मिडगट उघडल्यावर जे अन्नासकट सहज घसरून बाहेर येतं ते तिचं, जे ओढून काढावं लागतं ते तिचं नव्हे.

आता डास. डासाची गंमत अशी की एकाच प्राण्याला आयुष्यात दोन वेगळ्या पद्धतींनी हा पडदा मिळतो. अळीमध्ये फोरगट जिथे मिडगटात शिरतो तिथल्या पेशींचं एक कडं तो सतत विणत असतं, आणि त्याची सलग नळी मागे सरकत राहते. अन्न असो वा नसो, नळी चालू. मोठ्या मादीमध्ये ते बंद होतं. तिचा पडदा मिडगटच्या जवळजवळ सगळ्या पेशी मिळून करतात, आणि तेही फक्त रक्त पोटात आल्यावर. रक्ताने मिडगट ताणला जातो, तो ताण हीच खूण, आणि पुढच्या काही तासांत रक्ताभोवती पिशवी तयार होऊ लागते. एडीस इजिप्तीमध्ये साधारण चोवीस तासांत ती पूर्ण होते. दोन-तीन दिवसांत रक्त पचून संपलं की उरलेला काळा गोळा पिशवीसकट बाहेर टाकला जातो.

साखरपाणी प्यायलेल्या मादीत ही पिशवी नसते, कारण साखर आधी मिडगटात जातच नाही. फुलातला रस फोरगटला लागून असलेल्या क्रॉपच्या पिशवीत साठतो आणि लागेल तसा थोडा-थोडा मागे सोडला जातो. रक्त मात्र थेट मिडगटात. कॉलेजच्या जाळीत वाढवलेले, साखरेवर ठेवलेले डास कापलेत तर दिवसभर कापलेत तरी पडदा दिसणार नाही. नर डासात तर शोधूच नका.

घरच्या घरी कसं पाहायचं ते सांगतो. ठाण्यात सकाळी बाथरूमच्या भिंतीवर किंवा पडद्याआड पोट लाल फुगलेले डास बसलेले असतात. बहुतेक क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस असतात, नाल्याच्या घाण पाण्यात वाढणारे, आणि आपल्या कामाला ते चालतात. आम्ही डासांचं पोट पाहून चार गट करतो: उपाशी, ताजं रक्त घेतलेली, अर्धं पचलेली आणि अंड्यांनी भरलेली. तुम्हाला दुसऱ्या गटातल्या चार-पाच हव्यात. त्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, तोंडाला कापूस लावा, कापसावर साखरपाणी टिपका. दोन लगेच कापा, बाकीच्या सावलीत ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी.

कापण्याआधी ट्यूब पाच-दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. पंख आणि पाय काढून मादी सलाइनच्या थेंबात ठेवा, 100 मिली पाण्यात 0.85 ग्रॅम मीठ. साधं पाणी नको, पेशी फुगून फुटतात आणि सगळा चिखल होतो. एक सुई छातीवर दाबून धरा. दुसऱ्या सुईने पोटाच्या शेवटून दुसऱ्या खंडाजवळ दोन्ही बाजूंना हलकीशी चीर द्या आणि शेवटचं टोक अगदी हळू ओढा. घाई केली की हाइंडगट तुटतो आणि मिडगट आतच राहतो. नीट आला तर आधी रेक्टम, मग पाच माल्पिघी नलिका आणि त्यांच्यामागे फुगलेला मिडगट बाहेर येतो. नलिका मोजा. त्या जिथे जोडलेल्या आहेत तिथे मिडगट संपतो आणि हाइंडगट सुरू होतो, यापेक्षा सोपी खूण नाही.

आता मिडगटच्या भिंतीला सुईने एक छेद द्या आणि पाहा. ताज्या मादीचं रक्त लाल ढगासारखं थेंबात पसरतं. दुसऱ्या दिवशीच्या मादीत काळसर तपकिरी गोळा सॉसेजसारखा आकार धरून बाहेर घसरतो आणि भिंत रिकाम्या मोज्यासारखी मागे राहते. गोळ्याच्या कडेला प्रकाश तिरपा टाकलात तर पातळ चमकदार कड दिसते, तो पडदा.

पण इथे एक सावधगिरी. गोळा टिकला म्हणजे पडदा सिद्ध झाला असं नाही. मादी रक्तातलं पाणी भराभर काढून टाकते आणि रक्त गोठतंही, त्यामुळे पडदा नसतानाही गोळा घट्ट असू शकतो. खात्री करायची तर गोळा सलाइनमध्ये हलवून आतला माल धुऊन काढा. उरलेली सुरकुतलेली पारदर्शक पिशवी दिसली पाहिजे, आणि तिच्यात पेशींची केंद्रकं दिसता कामा नयेत. केंद्रकं दिसली तर तुमच्या हातात भिंत आहे, पडदा नाही. कॉलेजात फ्लुओरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर कॅल्कोफ्लोर व्हाइटचा रंग द्या. तो कायटिनला धरतो आणि पिशवी निळसर उजळते.

अळीचा पडदा तर याहून सोपा. कुंडीखालच्या ताटलीतली अळी स्वच्छ पाण्यात घ्या, लाकडी कोळशाची वस्त्रगाळ पूड चिमूटभर टाका. तासाभरात अंगभर काळी रेघ दिसेल. सलाइनमध्ये डोकं आणि शेवटचा खंड कापून नळी हलकेच ओढलीत की काळा दांडा काचेच्या नळीत भरल्यासारखा बाहेर येतो. तुमच्या बॅचमधल्या कोणाला डासात पडदा 'नक्की' दाखवायचा असेल तर अळीच दाखवा.

मग प्रश्न उरतो, रक्तासारख्या मऊ अन्नाला ही पिशवी कशाला? खरचटण्याचं कारण इथे लागू नाही, आणि म्हणूनच नोट्समधलं वाक्य लंगडं पडतं. रक्त मऊ असलं तरी सौम्य नाही. मादी स्वतःच्या वजनाइतकं, कधी जास्तही रक्त एका बैठकीत पिते. हिमोग्लोबिन पचलं की त्यातला हीम सुटा होतो, आणि सुटा हीम पेशींच्या आवरणांना जाळतो. एडीसमध्ये या हीमचा मोठा भाग पेरिट्रॉफिक मेम्ब्रेनलाच जाऊन चिकटतो, आणि तिच्याबरोबरच बाहेर पडतो. म्हणजे पिशवी ही इथे गाळणीपेक्षा कचऱ्याच्या थैलीसारखी जास्त आहे. एंझाइम्स आत जातात, लहान पेप्टाइड्स बाहेर येतात, घाण आत राहते.

पचन वेगाने व्हावं म्हणून पडदा असतो, असंही कधी कधी लिहिलेलं आढळतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटं दिसलं. ॲनॉफिलीस स्टीफन्साय आणि एडीस इजिप्तीमध्ये पडदा तयारच होऊ दिला नाही, तर पचन जास्त वेगाने झालं. म्हणजे डास पचनाचा थोडा वेग देऊन सुरक्षितता घेतो. मला हे पटतं. रक्त लवकर पचलं तर हीमही एकदमच सुटेल.

आता आपल्या गावाशी याचा संबंध. ठाणे-नवी मुंबईत बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात आणि गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा ॲनॉफिलीस स्टीफन्साय हा शहरी मलेरियाचा मुख्य डास. मलेरियाच्या परजीवीला मादीच्या पोटातून पलीकडे जायचं असतं. रक्तात नर-मादी पेशींचं मीलन होऊन हलणारा उओकिनीट तयार व्हायला सुमारे एक दिवस लागतो. नेमकं तेवढ्यात पिशवीही तयार झालेली असते. म्हणजे परजीवी बंद थैलीत. तिथून सुटायला तो कायटिन कापणारं एंझाइम सोडतो, कायटिनेज. कोंबड्यांच्या मलेरियाच्या परजीवीत असं दिसलं की हे एंझाइम आधी निष्क्रिय रूपात असतं आणि डासाचं स्वतःचं ट्रिप्सिन ते कापून चालू करतं. डास रक्त पचवायला ट्रिप्सिन सोडतो आणि त्याच ट्रिप्सिनने चोराचं हत्यार धारदार होतं! कायटिनेज अडवणारं अॅलोसॅमिडिन रक्तात मिसळून डासांना दिलं तेव्हा परजीवीला पलीकडे जाता आलं नाही. रोनाल्ड रॉस यांना 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटाच्या भिंतीवर ज्या रंगकणवाल्या गोल पेशी दिसल्या, त्या ही थैली आणि पोटाची भिंत ओलांडून गेलेल्या परजीवींच्या.

यावरून कोणी असं म्हणू नये की पडदा सगळ्याच रोगजंतूंना अडवतो. डेंगीचा विषाणू रक्ताबरोबर येतो आणि पिशवी पूर्ण व्हायच्या आतच भिंतीच्या पेशींत शिरू शकतो. उशिरा बंद होणारं दार लवकर आलेल्याला कसं अडवणार?

आता ढेकूण. तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे, त्याला पेरिट्रॉफिक मेम्ब्रेन नसते. पण कारण 'द्रव अन्न' हे नाही, कारण त्याचं घराणं आहे. ढेकूण हा हेमिप्टेरा, म्हणजे मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, कपाशीवरचा लाल ढेकूण यांच्याच खानदानातला. या गटाच्या पूर्वजांनी झाडाचा रस पिणं पत्करलं तेव्हा पेरिट्रॉफिक मेम्ब्रेन हरवली, असं आज मानलं जातं. तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. मायक्रोव्हिलायवर हातमोज्यासारखं एक मेद-प्रथिनांचं आवरण चढतं, प्रत्येक बोटावर वेगळं, आणि बोट आणि मोजा यांच्यात ठरावीक अंतराची बंद जागा राहते. याला पेरिमायक्रोव्हिलर मेम्ब्रेन म्हणतात. नावं सारखी वाटतात, वस्तू वेगळ्या. पहिलीत कायटिन असतं आणि ती अन्नाला गुंडाळते, दुसरीत कायटिन नसतं आणि ती पेशीला गुंडाळते. परीक्षेत हा एक फरक लिहिलात तरी अर्धं उत्तर झालं.

मोजा कशाला? झाडाच्या रसात साखर भरपूर आणि अमिनो आम्लं अगदी विरळ. ब्राझीलच्या वॉल्टर टेरा यांचं म्हणणं असं की त्या बंद जागेतून पेशी पोटॅशियम आत ओढून घेते, त्यामुळे पोटातलं पोटॅशियम आणि त्याच्यासोबत विरळ अमिनो आम्लंही मोज्यातून आत खेचली जातात. विहीर खोल असेल तर रहाट लागतो, तसं.

रसपित्यांची दुसरी अडचण पाण्याची. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर आलेल्या आंब्याखाली गाडी लावली की काचेवर चिकट ठिपके पडतात. ती तुडतुड्यांची विष्ठा, म्हणजे जवळजवळ साखरेचं पाणीच. पुढे त्यावर काळी बुरशी चढते. तुडतुडा पुरेशा अमिनो आम्लांसाठी अंगाच्या मानाने प्रचंड रस ओढतो आणि नको ते सोडून देतो. त्याच्यात मिडगटचा सुरुवातीचा भाग मागे वळून मिडगटच्या शेवटाला आणि माल्पिघी नलिकांच्या मुळाला घट्ट बिलगलेला असतो. त्या जागेला फिल्टर चेंबर म्हणतात. पाणी लांबच्या रस्त्याने न जाता पातळ भिंतींतून थेट मागच्या बाजूला उतरतं आणि आटलेला रस पचनाला पुढे जातो. अशा पोटात अन्नाभोवती पिशवी गुंडाळत बसायला जागाच नाही. माव्यात मात्र फिल्टर चेंबर सरसकट नसतो, आणि माल्पिघी नलिकाही नसतात. तेव्हा 'सगळ्या रसपित्या कीटकांत फिल्टर चेंबर' असं लिहू नका. गुण जातील.

पुढे याच खानदानातल्या काहींनी रसाऐवजी रक्त धरलं, पण पोट आजोबांचंच राहिलं. दक्षिण अमेरिकेतला रोडनियस हा ढेकणाचा दूरचा भाऊबंद. तो भरपूर रक्त पितो, मिडगटच्या रुंद पुढच्या भागात साठवतो, पाणी आणि क्षार लगेच काढून टाकतो आणि मग मागच्या भागात सावकाश पचवतो. पचवायला ट्रिप्सिन नाही, तर आम्लात चालणारी कॅथेप्सिन्स वापरतो. आणि हीम? त्याचे स्फटिक होतात, त्या पेरिमायक्रोव्हिलर आवरणाच्या आधारानेच. डासाने जे काम पिशवीवर टाकलं तेच रोडनियसने मोज्यावर टाकलं. अडचण एकच, घराण्यागणिक उपाय वेगळा. आपल्याकडच्या गादीतल्या ढेकणातही, सायमेक्स हेमिप्टेरसमध्ये, असंच आवरण दिसलेलं आहे.

ढेकूण कापून पाहायचा असेल तर रक्त प्यायल्यानंतर एक-दोन दिवसांचा घ्या. मिडगटला छेद दिलात की रक्त दाट असतं, काळपटही, पण गोळा घसरत येत नाही. ते पसरतं, आणि धुऊन काढल्यावर मागे पिशवी उरत नाही. डासाची दुसऱ्या दिवशीची स्लाइड शेजारी ठेवून पाहा, फरक नुसत्या डोळ्यांनाही कळतो. पेरिमायक्रोव्हिलर आवरण मात्र कॉलेजच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसणार नाही, त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. तेव्हा 'मला दिसलं' असं जर्नलमध्ये लिहू नका.

आणि ढेकूण आणायची बाटली स्क्रूच्या झाकणाचीच घ्या. काम झालं की उरलेले उकळत्या पाण्यात टाका आणि मगच बाटली सॅकमध्ये ठेवा. आमच्या एका सहकाऱ्याने कापसाचा बोळा लावलेली ट्यूब घरी नेली होती, त्याच्या आईने त्याला पुढे वर्षभर ऐकवलं.